तीन क्रमांकांतून खात्यांसाठी कोणता निवडावा, आणि तो गेला तर आत कसे शिरावे

प्रश्न: मी वेर्ण्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. माझ्याकडे तीन नंबर आहेत. एक बाबांच्या नावावरचा. तो मी बारा वर्षे वापरतो आणि सगळीकडे तोच दिलेला आहे. बाबा गेल्या वर्षी वारले. दुसरा कंपनीने दिलेला. तिसरा माझ्या नावावरचा, पण तो मी क्वचितच रिचार्ज करतो. बँक, आधार, जीमेल यांना कोणता नंबर द्यावा? आणि तो नंबरच गेला तर परत आत शिरायची सोय काय ठेवावी?

उत्तर:

बाबांच्या नावावरचा क्रमांक आधी स्वतःच्या नावावर करून घ्या आणि मग तोच सगळीकडे राहू द्या. तिसरा क्रमांक नियमित रिचार्ज करून, रोजच्या फोनमध्ये न ठेवता दुसऱ्या साध्या फोनमध्ये ठेवा, आणि तो फक्त ई-मेलच्या रिकव्हरीसाठी द्या. कंपनीचा क्रमांक कोणत्याही खात्याला देऊ नका.

हे असे का, ते सांगण्याआधी माझी ओळख. फोंड्यात एका मोबाइल कंपनीच्या सेवा केंद्रात मी नऊ वर्षे काउंटरवर होतो आणि त्यानंतर आजवर बँकेच्या ग्राहकांचे मोबाइल बँकिंग सुरू करून देण्याचे काम करतो आहे. त्यामुळे एकाच अडचणीच्या दोन्ही बाजू माझ्यासमोर येऊन गेल्या आहेत: सिम हरवलेला माणूस आणि ओटीपी न आल्यामुळे स्वतःच्याच खात्याबाहेर राहिलेला माणूस. बहुतेक वेळा तो एकच माणूस असतो, फक्त दोन दिवसांच्या अंतराने दोन काउंटरांवर उभा राहतो.

खात्याला कोणता क्रमांक द्यावा याचा विचार करताना लोक 'मी रोज कोणता वापरतो' हे पाहतात. पाहायला हवे ते वेगळेच: फोन आज संध्याकाळी हरवला, तर उद्या सकाळी मी एकटा, माझ्या चेहऱ्यावर आणि माझ्या ओळखपत्रावर, हाच क्रमांक परत मिळवू शकेन का? काउंटरवर माणूस दुबळा ठरतो तो इथेच. डुप्लिकेट सिम मागायला कोणी आले की कर्मचारी क्रमांक टाकतो, पडद्यावर ज्याच्या नावाने जोडणी घेतली त्याचे नाव येते, मग समोरच्या माणसाचा तिथल्या तिथे फोटो घेतला जातो आणि ओळखपत्र पडताळले जाते. बारा वर्षे रिचार्ज कोणी केला, त्या क्रमांकावर कोण बोलत होते, याची नोंद त्या पडद्यावर कुठेच नसते. माझ्यासमोर एकदा एक गृहस्थ बारा वर्षांच्या रिचार्जचे संदेश दुसऱ्या फोनवर दाखवत उभे होते आणि मला त्यांना परत पाठवावे लागले, कारण पडद्यावर नाव होते त्यांच्या वारलेल्या काकांचे. त्यात कर्मचाऱ्याला स्वतःचा निर्णय घेण्याची मुभा नसते आणि ती असूही नये, कारण तशी मुभा असती तर तुमच्या क्रमांकाचे डुप्लिकेट सिम काढायला येणाऱ्या भामट्यालाही तीच उपयोगी पडली असती.

क्रमांक नक्की कोणाच्या नावावर आहे हे पाहण्यासाठी दूरसंचार विभागाचे sancharsaathi.gov.in हे संकेतस्थळ आहे. तिथे आपल्या नावावरच्या जोडण्या दाखवणारी सेवा आहे, पण ती वापरताना एक चूक हमखास होते. ज्या क्रमांकाने तुम्ही तिथे आत जाता, त्या क्रमांकाच्या मालकाची यादी समोर येते. तुम्ही बाबांच्या क्रमांकाने गेलात तर यादी दिसेल, तो क्रमांकही त्यात दिसेल, आणि तुम्ही समजाल की तो तुमच्याच नावावर आहे. प्रत्यक्षात ती यादी बाबांची असेल. म्हणून ज्याबद्दल तुम्हाला खात्री आहे त्या तिसऱ्या क्रमांकाने आत जा आणि बाकीचे दोन त्या यादीत आहेत का ते पाहा. क्रमांक पूर्ण दिसत नाहीत, पण ओळखण्याइतके आकडे दिसतात. यादीत एखादा अनोळखी क्रमांक आढळला तर तो आपला नसल्याचे तिथेच कळवता येते.

आता बाबांच्या क्रमांकाविषयी. जोडणीधारक वारल्यावर त्याचा क्रमांक कायदेशीर वारसाच्या नावावर करून मिळतो. त्यासाठी कंपनीच्या स्वतःच्या सेवा केंद्रातच जावे; नाक्यावरच्या रिचार्जच्या दुकानात हे काम होत नाही, आणि 'करून देतो' म्हणणाऱ्याकडे कागद देऊ नयेत. पंचायतीने किंवा पालिकेने दिलेला मृत्यूचा दाखला, तुमचे ओळखपत्र आणि तुमचे नाते दाखवणारा एखादा कागद बरोबर घ्या. आई किंवा भावंडे असतील तर त्यांची हरकत नसल्याचे पत्रही काही ठिकाणी मागतात, तेव्हा ते आधीच लिहून नेलेले बरे, म्हणजे दुसरी फेरी पडत नाही. हे काम सिम चालू असताना करा. सिम हरवल्यानंतर हेच काम करायला गेलात तर नावाचा बदल आणि डुप्लिकेट सिम अशी दोन प्रकरणे एकात एक अडकतात आणि तोवर बँकेचा एकही संदेश तुमच्यापर्यंत येत नाही.

कंपनीच्या क्रमांकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती जोडणी कंपनीच्या नावावर असते, डुप्लिकेट सिम मागण्याचा अधिकार कंपनीच्या प्रतिनिधीला असतो, आणि नोकरी सोडण्याच्या दिवशी सिम टेबलावर ठेवून यावे लागते. कंपनीने लेखी संमती दिली तर तो क्रमांक वैयक्तिक नावावर घेता येतो, पण त्या संमतीवर भविष्यनिर्वाह निधीचे किंवा प्राप्तिकराचे खाते टांगून ठेवू नये.

तिसरा क्रमांक 'क्वचित' रिचार्ज करता असे तुम्ही लिहिले आहे, आणि तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट ती आहे. दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार प्रीपेड जोडणी सलग ९० दिवस कोणत्याच कामासाठी वापरली नाही तर ती बंद करता येते. खात्यात २० रुपये किंवा त्याहून जास्त शिल्लक असेल तर त्यातले २० रुपयांपर्यंत कापून आणखी ३० दिवस मिळतात, आणि बंद झाल्यावर ती पुन्हा सुरू करून घेण्यासाठी १५ दिवसांची सवलत असते. त्यानंतर क्रमांक तुमचा राहत नाही. तो किमान ९० दिवस पडून राहतो आणि मग दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. सर्वोच्च न्यायालयात २०२३ मध्ये हाच प्रश्न आला होता, तेव्हा नियामकाने ९० दिवसांची ही मुदत सांगितली होती आणि जुन्या क्रमांकाशी जोडलेली माहिती काढून टाकण्याची काळजी ग्राहकाने घ्यायची, असेच न्यायालयाचेही म्हणणे पडले.

हे कागदावर वाचताना दूरचे वाटते, पण आपल्या गोव्यात बोटीवर जाणाऱ्यांच्या घरी ते दरवर्षी घडते. पेडण्याचा एक तरुण नऊ महिन्यांच्या करारावर जहाजावर गेला. जाताना सिम घरच्या जुन्या फोनमध्ये घालून भावाला 'रिचार्ज करत राहा' असे सांगून गेला. भावाने दोन महिने केला, मग विसरला. तरुण परत आला तेव्हा तो क्रमांक सावंतवाडीच्या एका विद्यार्थ्याकडे होता. महाराष्ट्र आणि गोवा मिळून दूरसंचाराचे एकच क्षेत्र असल्यामुळे क्रमांक सीमेपलीकडे जाणे यात विशेष काही नाही. तो मुलगा भला होता. त्याने फोन उचलून सांगितले, की तुमच्या बँकेचे संदेश मला येतात आणि मी ते पुसून टाकतो. सगळेच असे सांगत नाहीत. अलीकडे बंद झालेल्या क्रमांकांची यादी बँकांना मिळते आणि तिच्यावरून आपल्या नोंदी तपासायला रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये त्यांना सांगितले, त्यामुळे असा क्रमांक यूपीआयमधून निघून जाण्याची शक्यता आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. ई-मेल आणि समाजमाध्यमांच्या खात्यांना मात्र असे कोणी विचारायला जात नाही.

म्हणूनच 'बँकेसाठी एक वेगळा, कोणाला ठाऊक नसलेला क्रमांक ठेवावा' हा जो सल्ला वारंवार दिला जातो, तो मी कोणाला देत नाही. कल्पना चांगली आहे, पण कपाटातल्या फोनमधले सिम कोणी वापरत नाही, आणि न वापरलेले सिमच बंद पडते. जो क्रमांक रोज खिशात असतो तो बंद पडला तर तासाभरात कळते; कपाटातला बंद पडला तर थेट बँकेचा ओटीपी येत नाही तेव्हा कळते. तुमचा तिसरा क्रमांक आईच्या साध्या फोनमध्ये दुसऱ्या खाचेत बसवता आला तर उत्तम, कारण तो फोन रोज चार्ज होतो आणि रोज वाजतो.

आणखी एक स्थानिक बाब. सत्तरी, सांगे, काणकोण या बाजूला राहणाऱ्यांनी घरात ज्या कंपनीची रेंज मिळते तीच निवडावी, मग तिचा प्लॅन थोडा महाग का असेना. अंगणात जाऊन फोन उंच धरेपर्यंत ओटीपीची मुदत संपते, पुन्हा मागवला की पहिला आणि दुसरा एकत्र येतात, माणूस जुना आकडा टाकतो आणि तीन वेळा चुकल्यावर खाते दिवसभरासाठी बंद होते. क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते, तेव्हा यासाठी नवा क्रमांक घेण्याची गरज नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. इथे मी स्वतःचाच प्रसंग सांगतो, कारण इतकी वर्षे लोकांना शहाणपण शिकवून मी स्वतः कुठे अडकलो हे त्यात नीट दिसते.

एका शुक्रवारी संध्याकाळी रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीत कठड्याशी उभा राहून फोन काढला आणि तो थेट मांडवीत गेला. त्यात ई-सिम होते, म्हणजे वेगळे कार्ड नव्हतेच. आणि कव्हरच्या मागे डेबिट कार्ड खोचलेले होते, तेही गेले. घरी जुना फोन होता. ई-सिम त्यावर ऑनलाइन उतरवावे म्हणून मोबाइल कंपनीच्या अॅपमध्ये गेलो, तर त्याने पडताळणीचा आकडा ई-मेलवर पाठवला. जुन्या फोनवरून ई-मेल उघडायला गेलो, तर त्याने आकडा पाठवला त्याच क्रमांकावर, जो मांडवीच्या तळाशी होता. सिमला ई-मेल हवा आणि ई-मेलला सिम हवे. हे वर्तुळ मी दुसऱ्यांच्या बाबतीत शंभरदा पाहिले होते आणि माझ्या घरी ते मीच आखून ठेवले होते.

शनिवारी सकाळी सेवा केंद्र उघडल्यावर आधार दाखवून, फोटो देऊन साधे सिम घेतले. दुपारी एकच्या सुमारास ते चालू झाले, फोन लागू लागले, इंटरनेट चालू झाले. एसएमएस मात्र एकही येईना. हे मला ठाऊक होते, पण बहुतेकांना नसते: डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. दूरसंचार विभागाने २०२२ च्या अखेरीस हा नियम लागू केला तो ग्राहकाच्या संरक्षणासाठी. कोणी फसवून तुमच्या क्रमांकाचे सिम काढले तरी त्याला लगेच ओटीपी मिळू नये आणि तेवढ्या वेळात तुम्हाला पत्ता लागावा, हा त्यामागचा विचार आहे. पण खऱ्या मालकालाही तो दिवस काढावाच लागतो. त्या दिवशी लोक काय करतात, तर 'सिम चालू झाले' म्हणून एकामागून एक ओटीपी मागवत बसतात आणि प्रत्येक खाते कुलूपबंद करून घेतात. त्या २४ तासांत ओटीपी मागवूच नका. जिथे 'फोन करून आकडा सांगा' असा पर्याय असतो तो मात्र चालतो, कारण कॉलवर बंदी नसते. व्हॉट्सअॅप मी त्याच दुपारी असे चालू केले. त्याने दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा अंकी पिन विचारला आणि तो मला आठवत होता. तो पिन ठेवलेला असेल तर तुमचा क्रमांक दुसऱ्याच्या हाती गेला तरी त्याला तुमचे व्हॉट्सअॅप लगेच उघडता येत नाही. मात्र पिन ठेवताना तिथे ई-मेल पत्ताही द्या, नाहीतर पिन विसरल्यावर तुम्हालाच सात दिवस थांबावे लागते.

ई-मेलचे बॅकअप कोड मी दोन वर्षांपूर्वी काढून ठेवले होते. गूगल असे दहा कोड देते, प्रत्येक आठ अंकी, प्रत्येक एकदाच चालणारा. फोन किंवा सिम नसतानाही पासवर्डबरोबर त्यातला एक टाकला की दुसरा टप्पा पार होतो. ते मी ठेवले होते कुठे? त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये. सुटलो तो एवढ्याचमुळे, की घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ते खाते आधीपासून उघडे होते. लॅपटॉप उघडला, फाइलमधला एक कोड कागदावर उतरवला आणि त्या जुन्या फोनवर आत शिरलो. लॅपटॉप बिघडलेला असता तर मला रविवारी दुपारपर्यंत थांबावे लागले असते.

रविवारी एकनंतर एसएमएस सुरू झाले आणि यूपीआय अॅप पुन्हा जोडले. त्याला आधी जमत नव्हते, कारण ते अॅप क्रमांकाची खात्री करण्यासाठी फोनमधून स्वतः एक एसएमएस पाठवते आणि जाणारे संदेशही बंद होते. यूपीआयचा पिन आठवत असल्यामुळे कार्डाची गरज पडली नाही. बँकेच्या स्वतःच्या अॅपने मात्र डेबिट कार्डाचे तपशील मागितले, आणि कार्ड नदीत. सोमवारी पासबुक आणि आधार घेऊन शाखेत गेलो, तेव्हा ते काम झाले. फोनच्या कव्हरमध्ये कार्ड ठेवण्याची सवय मी त्या दिवशी सोडली.

माझा फोन नदीत पडला होता, चोरीला गेला नव्हता, म्हणून मला घाई नव्हती. चोरीत प्रश्न उलटा असतो: सिम चालू आहे आणि ते दुसऱ्याच्या हातात आहे. फोनला कुलूप असले तरी चोर कार्ड काढून स्वतःच्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. यावर उपाय म्हणजे सिमचा स्वतःचा पिन, जो फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये 'सिम लॉक' या नावाने असतो आणि जवळजवळ कोणीच लावत नाही. तो लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन मागते. चालू करताना मूळ पिन विचारला जातो. तो अंदाजाने टाकू नका, कंपनीकडून विचारून घ्या, कारण तीन वेळा चुकला तर सिम पीयूके आकडा मागते आणि तो दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते. त्याबरोबर कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणे बंद करा, नाहीतर सिम काढण्याचीही गरज उरत नाही.

चोरी झाल्यावर आधी दुसऱ्या कोणाच्या फोनवरून मोबाइल कंपनीला सांगून सिम बंद करवा, मग बँकेला सांगून मोबाइल बँकिंग आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. पोलीस तक्रार आणि हँडसेट बंद करण्याची नोंद त्यानंतर. संचार साथीवर ती नोंद करताना ओटीपी लागतो, म्हणजे डुप्लिकेट सिम आणि त्याचे ते २४ तास इथेही आडवे येतात. याच्याच जवळचा प्रकार म्हणजे फोन हातात आहे, रिचार्ज आहे, शेजाऱ्याला त्याच कंपनीची रेंज आहे आणि तुमच्याकडे तासभर 'सेवा नाही' दिसते. नेटवर्क गेले असेल म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या क्रमांकाचे सिम कोणी काढले आहे का, ते दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा.

बँकेच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. लोक बँकेतही 'पर्यायी क्रमांक' देऊन ठेवतात आणि निश्चिंत होतात. अर्जात तो रकाना असतो, पण ओटीपी नोंदणीकृत क्रमांकावरच जातो. बँकेत तुमची खरी पर्यायी सोय म्हणजे शाखा, तुमची सही आणि तुमचे ओळखपत्र. त्यामुळे ज्या शाखेत जाऊन उभे राहता येईल तिथेच मुख्य खाते असावे. गावचे खाते म्हापशात, नोकरी कोलवाळला, असे असेल तर काही बिघडत नाही; खाते मुंबईच्या एखाद्या जुन्या शाखेत पडून असेल तर ते आताच जवळच्या शाखेत वर्ग करून घ्या.

आधारची गोष्ट याहून वेगळी आणि जास्त महत्त्वाची आहे, कारण प्राप्तिकराच्या खात्याचा पासवर्ड विसरला तरी आधारच्या ओटीपीने नवा करता येतो, डिजिलॉकरही त्यावर उघडता येते. आधारला कोणता क्रमांक जोडलेला आहे हे अनेकांना आठवत नाही. myaadhaar.uidai.gov.in वर आधार वैध आहे का ते तपासण्याची सोय आहे. तिथे आधार क्रमांक टाकला की जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात आणि त्यासाठी ओटीपीही लागत नाही. तो क्रमांक बदलायला आधार केंद्रावर जावे, बोटांचे ठसे द्यावेत, एवढे पुरते. जुना क्रमांक चालू असण्याची गरज नाही आणि वेगळा कागदही लागत नाही. वृद्ध आईवडिलांना केंद्रावर नेणे कठीण असेल तर टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही हा बदल करून देतो. म्हणजे सर्व क्रमांक गेले तरी ठशांवर परत मिळणारी ही एक जागा आहे, आणि मोठ्या अडचणीत सुरुवात तिथूनच करावी.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवतो. पहिल्या आठवड्यात बाबांच्या क्रमांकाचे नाव बदला. या कामात नवे सिम मिळाले तर तो दिवस वीजबिल किंवा विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी येऊ देऊ नका. मग आधारचे तीन आकडे पाहा आणि गरज असेल तर बदल करा. बँकांमध्ये क्रमांक तोच राहत असल्यामुळे तिथे काही करायचे नाही, हाच बाबांचा क्रमांक टिकवण्याचा मोठा फायदा. ई-मेलला रिकव्हरीसाठी तिसरा क्रमांक आणि एक दुसरा ई-मेल पत्ता द्या. मात्र तो दुसरा पत्ता पुन्हा याच पहिल्या क्रमांकावर उघडणारा नसावा, नाहीतर माझे मांडवीचे वर्तुळ तुमच्याकडेही तयार होईल. पत्नीचा किंवा आईचा क्रमांक ई-मेलच्या रिकव्हरीला देण्यास माझी हरकत नाही. बँकेला मात्र दुसऱ्याचा क्रमांक कधीच देऊ नये. दहा बॅकअप कोड कागदावर लिहा, त्यावर खात्याचे नाव किंवा पासवर्ड लिहू नका, आणि तो कागद विम्याच्या फाइलमध्ये ठेवा. नवे कोड काढले की जुने सगळे बाद होतात, तेव्हा जुना कागद फाडून टाका.

हे सगळे झाले की एखाद्या रविवारी फोन बंद करून आईकडे द्या. घरच्या संगणकावर, ज्यावर तुमचे खाते उघडे नाही अशा खिडकीत, फक्त पासवर्ड आणि त्या कागदावरचा एक कोड वापरून ई-मेलमध्ये शिरून पाहा. शिरता आले तर वापरलेल्या कोडावर रेघ मारा. नाही आले तर फोन चालू करा आणि अडले ते त्याच दिवशी दुरुस्त करा, कारण तेव्हा सिम अजून तुमच्या हातात असेल.